तीन अंकी गुणिले तीन अंकी: चौकट पद्धत आणि उभा गुणाकार यांचं उत्तर एकच का येतं

तासगाव तालुक्यात एक द्राक्षबाग आहे असं धरू. लांबी ३६८ फूट, रुंदी २४७ फूट, चारही कोपरे काटकोनात. बागेचं क्षेत्रफळ काढायचं आहे, म्हणजे ३६८ ला २४७ ने गुणायचं आहे. घरातली मोठी माणसं हा गुणाकार एकाखाली एक आकडे मांडून, हातचे घेत करतात. पाचवीतलं पोर मात्र वहीत नऊ घरांची चौकट आखतं आणि प्रत्येक घरात एक संख्या लिहितं. दोघांचं उत्तर एकच येतं. ते का येतं हे एकदा आकड्यानिशी पाहिलं, की चौकट ही वेगळी रीत वाटत नाही आणि उभ्या गुणाकारात हातचा नक्की कुठून येतो तेही दिसतं.

आधी बागेतच उभं राहून विचार करू. ३६८ फुटांच्या बाजूवर ३०० फुटांवर एक खूण करा, तिथून पुढे ६० फुटांवर दुसरी. उरले ८ फूट. २४७ फुटांच्या बाजूवर तसंच २०० फुटांवर एक खूण, पुढे ४० फुटांवर दुसरी, उरले ७ फूट. या खुणांपासून समोरच्या बाजूपर्यंत दोरी ताणली, तर दोन दोऱ्या आडव्या आणि दोन उभ्या पडतात आणि बागेचे नऊ तुकडे होतात. दोरी ताणल्याने जमीन वाढत नाही की कमी होत नाही. म्हणून नऊ तुकड्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज हेच अख्ख्या बागेचं क्षेत्रफळ. चौकट पद्धतीमागे एवढीच गोष्ट आहे. गणितात तिला वितरण गुणधर्म म्हणतात.

चौकट आखणं आणि भरणं

वहीच्या निम्म्या पानावर चौरस काढा. बागेच्या मापात काढायची गरज नाही, घरं सारखी असली तरी चालतं. फक्त प्रत्येक घरात पाच अंक सुटसुटीत बसतील एवढी मोठी हवीत. दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा मारून नऊ घरं करा. वरच्या कडेवर ३६८ चं विस्तारित रूप लिहा: ३००, ६०, ८. डाव्या कडेवर वरून खाली २४७ चं: २००, ४०, ७. इथे ३, ६, ८ असे सुटे अंक लिहायचा मोह टाळा. कडेवर स्थानिक किंमत लिहिली, तरच आतल्या घरांत खरी क्षेत्रफळं येतात.

आता प्रत्येक घरात, वरची संख्या गुणिले डावीकडची संख्या. ६० गुणिले ४० घ्या. शून्यं बाजूला ठेवून सहा चोक चोवीस. ६० चं एक शून्य आणि ४० चं एक, अशी दोन शून्यं चोवीसपुढे मांडली की २४००. सगळी घरं अशी भरली, की चौकट अशी दिसते:

| × | ३०० | ६० | ८ | ओळीची बेरीज |
|---|---|---|---|---|
| २०० | ६०,००० | १२,००० | १,६०० | ७३,६०० |
| ४० | १२,००० | २,४०० | ३२० | १४,७२० |
| ७ | २,१०० | ४२० | ५६ | २,५७६ |

शेवटचा रकाना चौकटीचा भाग नाही, तो बेरजेसाठी जोडला आहे. नऊच्या नऊ संख्या एकाखाली एक लिहून एकदम बेरीज करायला जाऊ नका. पाच अंकांची आणि दोन अंकांची संख्या एकाच उतरंडीत आली, की एखादा आकडा हमखास चुकीच्या स्थानाखाली सरकतो. आधी प्रत्येक आडव्या ओळीतल्या तीन संख्यांची बेरीज करा, मग त्या तीन बेरजांची बेरीज:

७३,६०० + १४,७२० + २,५७६ = ९०,८९६

बाग ९०,८९६ चौरस फुटांची आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. त्याने भागलं तर जवळपास साडेत्र्याऐंशी गुंठे, म्हणजे दोन एकर साडेतीन गुंठे.

हाच गुणाकार उभ्या मांडणीत

```
     ३६८
   × २४७
  ------
    २५७६
   १४७२०
   ७३६००
  ------
   ९०८९६
```

मधल्या तीन ओळी आणि चौकटीतल्या ओळींच्या बेरजा ताडून पाहा. २५७६, १४७२०, ७३६००: त्याच तीन संख्या, फक्त क्रम उलटा. चौकटीची सगळ्यात खालची ओळ ही उभ्या गुणाकाराची पहिली ओळ, कारण उभ्या मांडणीत आपण गुणकाच्या एककापासून सुरुवात करतो. चौकटीत २०० वर लिहिलं म्हणून ती ओळ वर आली, एवढाच फरक. ७ वर आणि २०० खाली लिहून चौकट आखली असती तर क्रमही जुळला असता.

म्हणजे गुणकाचा एक अंक, चौकटीची एक आडवी पट्टी आणि उभ्या मांडणीतली एक ओळ या तिन्ही गोष्टी एकच आहेत. बागेत पाहायचं तर २५७६ म्हणजे कडेची ७ फूट रुंदीची, ३६८ फूट लांब पट्टी.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी जे शून्य मांडतात, किंवा काही ठिकाणी फुली मारतात, त्याचा उलगडाही इथेच होतो. ४ ने गुणताना तोंडाने आपण चारच म्हणतो, पण तो चार दशकांच्या स्थानी आहे, म्हणजे ४०. चौकटीच्या त्या पट्टीवर ४० स्पष्ट लिहिलेलं असतं. उभ्या मांडणीत ते लिहिलेलं नसतं, म्हणून शून्य मांडून जागा धरावी लागते. तिसऱ्या ओळीत २००, म्हणून दोन शून्यं. "एक घर सोडून लिही" असं पोराला नुसतं सांगितलं तर ते लक्षात राहतं आणि आठवड्याने विसरतं. चाळीसने गुणतोय म्हणून शेवटी शून्य येणारच, हे कळलं तर विसरत नाही.

हातचा कुठून येतो

खरी गंमत एका ओळीच्या आत आहे. उभ्या मांडणीत पहिली ओळ करताना आपण असं म्हणतो: सात आठे छप्पन्न, सहा मांडले, हातचे पाच. सात सक बेचाळीस आणि पाच सत्तेचाळीस, सात मांडले, हातचे चार. सात त्रिक एकवीस आणि चार पंचवीस. झाले २५७६.

चौकटीच्या त्याच पट्टीत तीन घरं आहेत: २१००, ४२०, ५६. यांची बेरीज उजवीकडून करू.

५६ मधले ६ एककांत राहतात. उरलेले ५० म्हणजे पाच दशक. हेच ते "हातचे पाच".

शेजारच्या घरात ४२० आहेत. त्यात ते ५० मिळवले की ४७०. त्यातले ७० दशकांच्या जागी राहतात, म्हणून सात मांडले. उरलेले ४०० म्हणजे चार शतक, ते "हातचे चार".

डावीकडच्या घरात २१००. त्यात ४०० मिळवले की २५००. मांडलेले ६, ७० आणि २५०० एकत्र केले की २५७६.

तोंडाने "बेचाळीस आणि पाच" म्हणताना आपण खरं तर ४२० आणि ५० मिळवत असतो. बोलताना दशक गाळतो, कागदावर स्थान ते सांभाळून घेतं. चौकटीत हातचे नाहीसे झालेले नसतात. ते घराघरांत तसेच पडून असतात आणि ओळीची बेरीज करताना वर येतात. उभ्या गुणाकारात गुणणं आणि मिळवणं ही दोन कामं एकाच वेळी चालतात. चौकटीत आधी सगळं गुणून घेतात, मिळवणं नंतर. काम सारखंच आहे, ते करण्याची वेळ वेगळी.

उभा गुणाकार एककापासूनच का सुरू करावा लागतो, तेही यातून कळतं. हातचा नेहमी डावीकडे जातो. डावीकडचा अंक आधी लिहून बसलात, तर हातचा आल्यावर तो खोडावा लागेल. चौकटीत हातचा बेरजेपर्यंत थांबलेला असतो, म्हणून घरं कुठल्याही क्रमाने भरली तरी बिघडत नाही. आमचा सल्ला असा, की वरच्या डाव्या घरापासून सुरुवात करावी. ३०० गुणिले २०० म्हणजे ६०,०००, म्हणजे उत्तर याहून मोठंच असणार. आणि ४०० गुणिले ३०० म्हणजे १,२०,०००, त्याहून लहान असणार. पहिल्याच घरात उत्तराचा आवाका कळतो. पण त्या मोठ्या घरावरच विसंबू नका. इथे ते उत्तराच्या जेमतेम दोन तृतीयांश आहे, उरलेला एक तृतीयांश बाकीच्या आठ घरांत विखुरला आहे.

अजून एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. आडव्या ओळींऐवजी उभ्या रकान्यांच्या बेरजा करा. ३०० च्या रकान्याची ७४,१००, ६० च्या रकान्याची १४,८२०, ८ च्या रकान्याची १,९७६. एकूण पुन्हा ९०,८९६. आता २४७ वर आणि ३६८ खाली मांडून उभा गुणाकार करा. मधल्या ओळी याच तीन येतील. गुण्य आणि गुणक यांची अदलाबदल केली तर मधल्या ओळी बदलतात आणि उत्तर का बदलत नाही, याचं कारण एकाच चौकटीत समोर आहे: घरं तीच नऊ, आपण ती आडवी मिळवली की उभी, एवढंच.

चुका कुठे होतात

चौकटीतली सगळ्यात मोठी चूक शून्यांची. ६० गुणिले ४० ला कोणी २४० लिहितं, ३०० गुणिले २०० ला ६०००. यावर उपाय असा, की भरलेली चौकट एकदा फक्त शून्यांसाठी तपासायची. कडेवरच्या संख्यांमधून प्रत्येक घरात अशी शून्यं यायला हवीत:

```
४  ३  २
३  २  १
२  १  ०
```

उजवीकडून डावीकडे एक घर गेलं की एक शून्य वाढतं, खालून वर गेलं तरी एक वाढतं. तिरप्या रेषेवरच्या घरांत शून्यं सारखी असतात. एखादं घर या चालीत बसत नसेल तर तिथे चूक आहे.

यात एक फसवी जागा आहे, ती ५ ची. २५४ गुणिले ३८६ करताना एका घरात ५० गुणिले ८० येतं. पाच आठे चाळीस. या चाळिसाला स्वतःचं एक शून्य आहे आणि कडेवरची दोन शून्यं वेगळी. उत्तर ४०००. पोर चाळिसाचं शून्य त्या दोनांत धरून ४०० लिहितं. पाचच्या पाढ्यात सम संख्या आली की हे घडतं. म्हणून आधी पाढ्याचं उत्तर पूर्ण लिहायचं, ४०, आणि मगच कडेवरची शून्यं मोजून जोडायची. वरचा नकाशा वापरतानाही ही जोडलेली शून्यंच मोजायची. पाढ्यातून आलेलं शून्य त्यात धरायचं नाही.

दुसरी चूक उभ्या गुणाकारात होते आणि चौकट ती उघडी पाडते. मध्ये शून्य असलेली संख्या घ्या: ४०५ गुणिले ३०८. उभ्या मांडणीत ८ ची ओळ ३२४०. मग शून्याची ओळ लिहायची कशाला म्हणून ती गाळतात, आणि ३ ची ओळ दुसऱ्या ओळीच्या जागी एकच शून्य मांडून लिहितात, १२१५०. बेरीज १५,३९०. चारशेच्या वरची संख्या तीनशेच्या वरच्या संख्येने गुणली, तर उत्तर एक लाख वीस हजारांच्या वर जायलाच हवं. चौकटीत कडेवर ३०० हे तीनशे म्हणूनच लिहिलेलं असतं, त्यामुळे ही चूक करायला वावच राहत नाही:

| × | ४०० | ० | ५ |
|---|---|---|---|
| ३०० | १,२०,००० | ० | १,५०० |
| ० | ० | ० | ० |
| ८ | ३,२०० | ० | ४० |

बेरीज १,२४,७४०. सरावल्यावर शून्याचा रकाना आणि शून्याची ओळ काढून चार घरांत काम भागतं. नवशिक्याने मात्र ती ठेवावीत, म्हणजे दशकाची जागा रिकामी आहे पण ती आहे, हे नजरेत राहतं.

पडताळा: नवाचा आणि अकराचा

ओळींची बेरीज आणि रकान्यांची बेरीज जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असं समजू नका. त्याने फक्त बेरीज बरोबर झाली एवढंच कळतं. घरातच २४०० ऐवजी २४० लिहिलं असेल, तर दोन्हीकडून तीच चुकीची संख्या मिळवली जाते आणि दोन्ही बेरजा बिनबोभाट जुळतात.

बऱ्याच जणांना नवाचा पडताळा ठाऊक असतो. ३६८ च्या अंकांची बेरीज १७, पुन्हा बेरीज ८. २४७ ची १३, पुन्हा ४. आठ चोक बत्तीस, ३ आणि २ मिळून ५. उत्तर ९०८९६: अंकांची बेरीज ३२, म्हणजे ५. जुळलं. आता २४०० च्या जागी २४० लिहिलेलं चुकीचं उत्तर पाहा: ८८,७३६. अंकांची बेरीज ३२, म्हणजे पुन्हा ५! चूक आहे आणि पडताळा ती पास करतो. कारण सोपं आहे. एक शून्य सुटलं तर फरक २४०० वजा २४०, म्हणजे २४० ची नऊ पट. नवाच्या पटीतला फरक नवाच्या पडताळ्याला दिसत नाही. चौकट पद्धतीत सगळ्यात जास्त होणारी चूक हा पडताळा कधीच पकडत नाही, हे शिकवणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

त्याऐवजी अकराचा पडताळा घ्या. उजवीकडून अंक आळीपाळीने अधिक-वजा करायचे. ३६८ साठी ८ − ६ + ३ = ५. २४७ साठी ७ − ४ + २ = ५. पाच पंचे पंचवीस, त्यातून २२ काढले की ३. उत्तरासाठी ६ − ९ + ८ − ० + ९ = १४, त्यातून ११ काढले की ३. जुळलं. चुकीच्या ८८,७३६ साठी ६ − ३ + ७ − ८ + ८ = १०. जुळत नाही, चूक पकडली. आळीपाळीची बेरीज ऋण आली तर ११ मिळवायचे.

एका घरातलं एक शून्य सुटलं किंवा जास्त पडलं, तर हा पडताळा ते नेहमी पकडतो. फरकात नऊ, दहाचे गुणक आणि दोन एकअंकी संख्यांचा गुणाकार एवढंच असतं, आणि यांतल्या कशालाही अकराने भाग जात नाही. एक मर्यादा ध्यानात ठेवायची: एकाच घरात दोन शून्यं चुकली तर फरक नव्व्याण्णवच्या पटीत जातो आणि अकराचा पडताळाही गप्प राहतो. अशा वेळी शून्यांचा तो नऊ घरांचा नकाशा आणि सुरुवातीचा अंदाजच कामाला येतो.

चौकटीतून उभ्या मांडणीकडे

तोडायची जागा शतक-दशक-एककावरच असावी असा काही नियम नाही. २४७ ला २५० वजा ३ असं तोडलं तर ३६८ गुणिले २५० म्हणजे ९२,०००, त्यातून ३६८ गुणिले ३ म्हणजे १,१०४ वजा केले की ९०,८९६. बाग तीच, दोरी वेगळ्या जागी. तोंडी हिशेबाला हे सोयीचं. पण अशा तोडणीच्या ओळी उभ्या गुणाकाराच्या ओळींशी जुळणार नाहीत. त्या जुळायच्या असतील तर तोडणी स्थानांवरच हवी, कारण उभा गुणाकारही स्थानांवरच तोडतो.

चौकटीचा खर्च म्हणजे जागा आणि वेळ: नऊ घरं, तीन ओळींच्या बेरजा आणि एक शेवटची बेरीज. शिष्यवृत्तीच्या पेपरात दर गुणाकाराला एवढं परवडत नाही. म्हणून पोराला चौकटीवरून उभ्या मांडणीवर एकदम उडी मारायला लावू नका, एकेक पट्टी मिटवत न्या. आधी पूर्ण चौकट आणि शेजारी उभी मांडणी, मधल्या ओळी बाणाने जोडलेल्या. मग फक्त खालची, म्हणजे एककाची पट्टी घरं न पाडता हातचे घेऊन थेट २५७६ अशी लिहायची, वरच्या दोन पट्ट्या घरं पाडूनच. ते जमलं की दशकाची पट्टी तशीच, शेवटी शतकाची. तिन्ही पट्ट्यांतली घरं मिटली, की कागदावर कडेचे २००, ४०, ७ आणि त्यांच्यासमोर तीन संख्या एवढंच उरतं. आता त्या तीन संख्या खालून वर क्रमाने ३६८ च्या खाली लिहायला सांगा.